पाच टक्के कुणाचे?

‘प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसावा.’ कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीसाठी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘सीएसआर’साठी, अर्ज मागवणाऱ्या अनेक मार्गदर्शक सूचनांत हे वाक्य भेटते. तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत चालणारी संस्था ते वाचते आणि अंदाजपत्रकातून हिशेबनिसाचा पगार काढते, कार्यालयाचे भाडे काढते, समन्वयकाचे मानधन अर्धे करते. मग वर्षभर तो खर्च विश्वस्तांच्या खिशातून तरी होतो, नाहीतर होतच नाही आणि हिशेब विस्कटतात.

ज्या नियमातून हे पाच टक्के आले, तो नियम संस्थेसाठी नाहीच. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खालील नियमांत ‘प्रशासकीय खर्च’ म्हणजे कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभारावर केलेला खर्च. कंपनीच्या एकूण सीएसआर खर्चाच्या पाच टक्क्यांपुढे तो जाऊ नये, अशी मर्यादा कंपनीवर आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांचा थेट खर्च त्यात धरला जात नाही. केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये प्रश्नोत्तरांचे परिपत्रक काढून हे आणखी स्पष्ट केले. प्रत्यक्ष काम करणाऱ्या संस्थेचा व्यवस्थापन खर्च कंपनीच्या या पाच टक्क्यांत बसत नाही, आणि शैक्षणिक प्रकल्पातल्या शिक्षकांचा किंवा कर्मचाऱ्यांचा पगार हा त्या प्रकल्पाचाच खर्च ठरतो.

तरीही एखादी कंपनी संस्थेवर पाच किंवा दहा टक्क्यांची मर्यादा घालू शकते. पैसे तिचे आहेत, अटी घालण्याचा अधिकारही तिचा. मात्र ती मर्यादा कंपनीच्या धोरणाची असते, आणि धोरणाबद्दल विचारता येते, बोलता येते. मार्गदर्शक सूचना वाचताना प्रत्येक अटीपुढे पेन्सिलने खूण करावी: ही अट कायद्याची की कंपनीची? छोट्या संस्था बहुधा याच ठिकाणी चुकतात. जिथे बोलता आले असते तिथे मुकाट्याने मान्य करतात, आणि जिथे कायद्यापुढे कंपनीचाही इलाज नाही तिथे सवलत मागत राहतात.

एक नमुना घेऊन हे पाहता येईल. संस्था काल्पनिक आहे, परिस्थिती मात्र मराठवाड्यात कुणालाही ओळखीची वाटेल अशी आहे. बीड जिल्ह्यातल्या चार गावांमधून दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते, आणि मुले बरोबर गेली की शाळा सुटते. ही संस्था १२० मुलांना गावातच, आजी-आजोबांजवळ ठेवू पाहते. संध्याकाळचे जेवण, दोन तासांची अभ्यासिका आणि शाळेतल्या हजेरीवर लक्ष, असे नोव्हेंबर ते एप्रिल चालणारे हे काम. तिच्या हातात एका कंपनीची मार्गदर्शक सूचना आहे: कमाल २५ लाख रुपये, विषय शिक्षण, क्षेत्र कारखान्यापासून १०० किलोमीटर, संस्थेचा व्यवस्थापन खर्च जास्तीत जास्त दहा टक्के.

सुरुवात व्याप्तीपासून होते. सीएसआरचा पैसा कशावर खर्च करता येतो, याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. भूक, कुपोषण, आरोग्य, स्वच्छता, पिण्याचे पाणी हा एक गट, शिक्षण आणि उपजीविका हा दुसरा. पुढे स्त्री-पुरुष समानता, पर्यावरण, वारसा, खेळ, ग्रामविकास, आपत्ती व्यवस्थापन असे विषय येतात. शब्दांचा अर्थ उदारपणे लावावा असे मंत्रालयाचेच म्हणणे आहे, म्हणून यादीत अभ्यासिका हा शब्द शोधत बसण्याचे कारण नाही. पण प्रस्ताव कोणत्या विषयाखाली येतो ते संस्थेने स्वतः लिहावे. बीडच्या या संस्थेपुढे इथेच एक पेच आहे. खर्चाचा मोठा भाग जेवणावर आहे आणि कंपनीने विषय दिला आहे शिक्षण. प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात ‘मुलांना पोषक आहार’ असे आले, तर छाननी करणारा तो बाजूला ठेवू शकतो. ‘स्थलांतराच्या हंगामात मुलांची शाळा चालू राहावी यासाठी गावात राहण्याची सोय, तिचा भाग म्हणून संध्याकाळचे जेवण’ असे लिहिले की तेच काम नेमक्या विषयात बसते. आणि ते खरेही आहे, कारण घरी स्वयंपाक करणारे कुणी नसेल तर मूल आईबरोबर फडावर जाते.

काय बसत नाही, हेही कायद्याने सांगितले आहे. केवळ कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचे काम, राजकीय पक्षाला देणगी, कंपनीच्या मालाच्या जाहिरातीसाठीचे प्रायोजकत्व, एखाद्या कायद्याने कंपनीवर आधीच टाकलेली जबाबदारी, हे सगळे बाहेर. एका दिवसाची मॅरेथॉन किंवा पुरस्कार सोहळा सीएसआर होत नाही, हे मंत्रालयाने २०१४ मध्येच स्पष्ट केले होते. या अटींवर घासाघीस करण्यात अर्थ नाही.

१०० किलोमीटरची अट मात्र वेगळी आहे. कायदा म्हणतो, कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे. किलोमीटर कायद्यात कुठेही नाहीत, आणि हे प्राधान्य सक्तीचे नसून मार्गदर्शक आहे, असे परिपत्रक सांगते. चारपैकी एक गाव ११५ किलोमीटरवर असेल, तर ते गुपचूप वगळण्याआधी किंवा अंतर कमी दाखवण्याआधी कंपनीच्या सीएसआर अधिकाऱ्याला दोन ओळींचा ईमेल करावा. असे प्रश्न अर्जाच्या मुदतीआधी विचारले तर त्यांची उत्तरे सहसा मिळतात, आणि लेखी उत्तर पुढे उपयोगी पडते.

व्याप्तीबरोबरच पात्रता येते. कंपनीने किंवा सरकारने स्थापन न केलेल्या संस्थेला सीएसआरचे काम घ्यायचे असेल, तर तिच्याकडे प्राप्तिकराची १२ए आणि ८०जी या नावांनी ओळखली जाणारी नोंदणी हवी, तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा, आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे ‘सीएसआर-१’ अर्ज भरून मिळालेला क्रमांक हवा. हा क्रमांक १ एप्रिल २०२१ पासून आवश्यक झाला. अर्ज ऑनलाइन भरतात आणि त्यावर सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंट यांची पडताळणी लागते. यात कंपनी काहीही माफ करू शकत नाही. अडचण बहुधा कागदांच्या तपशिलात येते. प्राप्तिकराची नोंदणी २०२१ पासून मुदतीची झाली आहे, ती संपली तर जुन्या प्रमाणपत्राचा उपयोग नाही. दुसरी अडचण महाराष्ट्रातल्या संस्थांची. विश्वस्त बदलले, ठराव झाला, पण धर्मादाय आयुक्तांकडचा चेंज रिपोर्ट मंजूर झालेला नाही. मग ‘शेड्यूल वन’च्या उताऱ्यावर जुनी नावे, पॅनच्या आणि बँकेच्या कागदांवर नवी, आणि कंपनीची छाननी तिथेच थांबते. चेंज रिपोर्टला वेळ लागतो. त्यामुळे उतारा मागवून नावे जुळतात का हे पाहण्याचे काम अर्जाच्या आठवड्यात नव्हे, काही महिने आधी करायचे असते.

आता अंदाजपत्रक. १२० मुलांना रोज ४० रुपयांप्रमाणे १५० दिवस जेवण, ७ लाख २० हजार. चार गावांत चार अर्धवेळ स्वयंपाकीण ताई, महिना सहा हजार, सहा महिने, १ लाख ४४ हजार. अभ्यासिका चालवणाऱ्या आठ जणी, महिना आठ हजार, ३ लाख ८४ हजार. एक समन्वयक, महिना २२ हजार, ऑगस्ट ते एप्रिल नऊ महिने, १ लाख ९८ हजार, आणि त्याच्या प्रवासाचे ५४ हजार. पुस्तके व साहित्य १ लाख २० हजार, सुरुवातीची व शेवटची चाचणी ४० हजार. इथवर १६ लाख ६० हजार होतात. कार्यालयाचे भाडे, हिशेबनीस आणि लेखापरीक्षण यांचा या प्रकल्पाच्या वाट्याला येणारा भाग १ लाख ४० हजार. एकूण १८ लाख.

या १८ लाखांत व्यवस्थापन खर्च १ लाख ४० हजार, म्हणजे आठ टक्क्यांहून किंचित कमी. कंपनीची मर्यादा दहाची, म्हणजे ठीकच. पण नेहमीच्या सवयीने संस्थेने समन्वयकाचे मानधन ‘पगार व प्रशासन’ या मथळ्याखाली टाकले, तर तीच रक्कम ३ लाख ३८ हजारांवर जाते, जवळजवळ १९ टक्के, आणि प्रस्ताव पहिल्याच चाळणीत गळतो. एक रुपयाही वाढलेला नाही, फक्त ओळ चुकीच्या जागी पडली. समन्वयक आठवड्यातले चार दिवस गावांत असतो, हजेरी तपासतो, मुकादमांना आणि आजी-आजोबांना भेटतो. हे काम प्रकल्पाचेच आहे. फक्त अंदाजपत्रकाशेजारच्या रकान्यात तसे लिहावे लागते: कोण, किती दिवस, कोणत्या गावात, कशासाठी. आणि हे खरे असावे लागते. संस्थेच्या अध्यक्षांचे पूर्ण मानधन ‘क्षेत्रसमन्वय’ म्हणून दाखवले, तर कंपनीचा लेखापरीक्षक प्रवासाची बिले आणि दिनांक ताडून पाहतो, आणि मग पुढचा हप्ता अडकतो.

अंदाजपत्रकात आणखी एक अट दडलेली असते, मालमत्तेची. प्रकल्पातून घेतलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. ती सीएसआर क्रमांक असलेल्या नोंदणीकृत संस्थेकडे, लाभार्थ्यांच्या गटाकडे किंवा सरकारी यंत्रणेकडे असावी लागते, हा कायदा आहे. आपल्या संस्थेने भांडी आणि सौरदिवे मागितले असते, तर हंगामानंतर ते कुणाकडे राहणार, हे एका ओळीत लिहिणे पुरेसे झाले असते.

या प्रकल्पातला सर्वात अवघड भाग मात्र रकमेत नाही, तारखेत आहे. ऊसतोड एप्रिलपर्यंत चालते आणि कंपनीचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. कंपनीने संस्थेला पैसे दिले म्हणजे तिचा सीएसआर खर्च झाला, असे बऱ्याच जणांना वाटते. मंत्रालयाचे म्हणणे तसे नाही. संस्थेने ते पैसे प्रत्यक्ष वापरल्यावरच तो खर्च मानला जातो. त्यामुळे मार्च उजाडला की कंपनीतून फोनवर फोन येतात, उपयोगिता प्रमाणपत्र पाठवा, शिल्लक किती ते कळवा. त्यामागे कुणाचा हेका नसतो. ठरलेल्या कामासाठीच पैसे वापरले गेले, असे प्रमाणित करण्याची जबाबदारी कायद्याने कंपनीच्या वित्तप्रमुखावर टाकलेली आहे, आणि हे प्रमाणपत्र देताना त्याच्या हातात संस्थेचे कागद असावे लागतात.

आपल्या नमुन्यात एप्रिलचे जेवण, मानधन, प्रवास आणि शेवटची चाचणी मिळून सुमारे अडीच लाख रुपये ३१ मार्चनंतर खर्च होणार आहेत. कंपनीच्या संचालक मंडळाने प्रकल्पाला ‘चालू प्रकल्प’ म्हणून मान्यता दिली असेल, तर न वापरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत एका वेगळ्या बँक खात्यात जाते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत त्याच कामाला वापरता येते. तशी मान्यता नसेल, तर न वापरलेली रक्कम सहा महिन्यांत पंतप्रधान मदत निधीसारख्या कायद्यात सांगितलेल्या निधीत भरण्याचा नियम कंपनीला लागू होतो. म्हणून या संस्थेने प्रस्तावातच, ठळकपणे, लिहायला हवे: प्रकल्पाचा कालावधी ऑगस्ट ते मे, दोन आर्थिक वर्षांत विभागलेला, ३१ मार्चपर्यंत अपेक्षित खर्च साडेपंधरा लाख, त्यानंतर अडीच लाख. हे वाचून कंपनीचा अधिकारी मंडळापुढे योग्य मान्यता मागू शकतो. हीच गोष्ट २५ मार्चला कळवली, तर त्याच्या हातात फारसे काही उरत नाही. अशा वेळी काही संस्था मार्चमध्येच एप्रिलच्या किराणाची बिले फाडून मोकळ्या होतात. तो खोटा हिशेब आहे आणि साठ्याच्या नोंदवहीत तो लगेच दिसतो. १२० मुलांची महिन्याभराची डाळ एका दिवसात आली आणि साठवणीची खोली दहा बाय दहाची, हे तपासायला कुणी तज्ज्ञ लागत नाही.

अहवालाचे स्वरूप कंपनीगणिक बदलते. बहुतेक ठिकाणी तिमाही अहवाल, खर्चाचा तक्ता, सीएच्या सहीचे उपयोगिता प्रमाणपत्र आणि छायाचित्रे मागतात, आणि पुढचा हप्ता अहवालावर अवलंबून असतो. छोट्या संस्थेने यासाठी प्रकल्पाचे वेगळे खातेपान ठेवले तर अर्धे काम होते. तिमाहीच्या शेवटी संस्थेच्या सरसकट जमाखर्चातून या प्रकल्पाची बिले वेचत बसणे हीच खरी डोकेदुखी. ठेवलेल्या पैशावर बँकेने दिलेले व्याजही या प्रकल्पाचेच असते, ते संस्थेच्या इतर कामांकडे वळवता येत नाही. गावच्या दुकानातून घेतलेल्या किराणाची कच्ची चिठ्ठी चालत नाही. दुकानदाराचे नाव, क्रमांक आणि तारीख असलेले बिल घ्यावे आणि पैसे बँकेतूनच द्यावेत. एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांपेक्षा जास्त रोख दिली, तर प्राप्तिकराच्या हिशेबात धर्मादाय संस्थेलाही तो खर्च म्हणून धरता येत नाही.

खर्च ठरल्याप्रमाणे होत नाही, हे कंपन्यांनाही ठाऊक असते. म्हणून एका शीर्षातून दुसऱ्यात किती टक्के रक्कम परवानगीशिवाय वळवता येईल, हे करारात लिहिलेले असते. समजा ती मर्यादा दहा टक्के आहे. जानेवारीअखेर सहापैकी तीन महिने झालेले असतात, म्हणजे जेवणाचा खर्च निम्म्याच्या आसपास असायला हवा. तो ५८ टक्क्यांवर गेला असेल, तर याच गतीने हंगामाअखेर ११६ टक्के होणार. हे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पत्राने कळवावे, कारणासह. तेल-डाळ महागली, की घरी राहिलेली मुले अपेक्षेपेक्षा जास्त आली? दुसरे कारण असेल तर तो प्रकल्पाच्या यशाचाच पुरावा आहे, आणि तो खर्चाच्या तक्त्यात दडून राहू नये.

निवडीचे निकष बहुतेक मार्गदर्शक सूचनांत गुणांसह दिलेले असतात. गरज, कामाची रचना, खर्चाची वाजवी मांडणी, संस्थेची क्षमता, परिणामाचे मोजमाप, असे साधारण पाच रकाने. छोट्या संस्था गरजेवर तीन पाने लिहितात आणि मोजमापावर तीन ओळी. बीडमधले स्थलांतर छाननी करणाऱ्याला माहीत असते. या चार गावांत गेल्या हंगामात किती मुले गेली, हे त्याला माहीत नसते. शाळेच्या हजेरीपटावरून ते काढता येते: ऑक्टोबरमध्ये पटावर किती, फेब्रुवारीत प्रत्यक्ष वर्गात किती. गरजेची एवढी दोन वाक्ये पुरतात, आणि तोच आकडा नंतर मोजमापाचा पाया होतो.

‘१२० मुलांना जेवण दिले’ हे संस्थेने केलेले काम झाले. कंपनीला त्यापुढचे हवे असते: त्यातली किती मुले मार्चमध्येही शाळेत होती, आणि त्यांचे वाचन कुठवर आले. वाचनासाठी नवी चाचणी बनवण्याची गरज नाही. ‘प्रथम’च्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाची अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशी चढत जाणारी वाचनचाचणी मराठीत उपलब्ध आहे, आणि थोड्या प्रशिक्षणावर गावातली कार्यकर्ती ती घेऊ शकते. नोव्हेंबरमध्ये एकदा, एप्रिलमध्ये एकदा, त्याच मुलांची. प्रस्तावात ‘शैक्षणिक गुणवत्ता वाढेल’ असे लिहिण्याऐवजी ‘हंगामाअखेर शंभर मुले गावातच असतील आणि नोव्हेंबरमध्ये शब्दांवर अडलेल्या मुलांपैकी निम्मी परिच्छेद वाचतील’ असे लिहिले, की परीक्षकाला गुण द्यायला काहीतरी मिळते. आकडा धाडसी नसला तरी चालतो. १२०च्या १२० मुले थांबतील असे लिहिणाऱ्या संस्थेवर जाणता परीक्षक विश्वास ठेवत नाही, कारण जानेवारीत एखादी आजी आजारी पडते आणि नातवंडे फडावर जातात, हे त्याने पाहिलेले असते.

खर्चाच्या रकान्यात परीक्षक एकच भागाकार करतो. १८ लाख भागिले १२०, म्हणजे एका मुलामागे १५ हजार. शेजारच्या प्रस्तावात पाच हजार मुलांना दप्तरवाटप असेल, तर हा आकडा भलताच मोठा दिसतो. संस्थेने तो भागाकार स्वतःच करून दाखवावा: १५ हजारांत १५० दिवस, म्हणजे मुलामागे दिवसाला शंभर रुपये, आणि त्यात जेवण, शिकवणी, देखरेख सगळे आले. लाभार्थी फुगवण्याचा मोह इथेच होतो. ‘अप्रत्यक्ष लाभार्थी आठ हजार’, म्हणजे चारही गावांची लोकसंख्या. त्याने मुलामागचा खर्च कागदावर कमी होतो, पण गाव पाहायला आलेला अधिकारी आठ हजारांबद्दल विचारतो, तेव्हा सांगायला काही नसते.

मूल्यमापनाबद्दल एक अट अनेक सूचनांत असते: ‘प्रकल्पाचे त्रयस्थ संस्थेकडून परिणाम मूल्यमापन करावे लागेल.’ तिच्यापुढेही पेन्सिलची खूण हवी. कायद्यातली ही सक्ती कंपनीवर आहे, आणि तीसुद्धा मागच्या तीन वर्षांत जिचे सीएसआर दायित्व सरासरी दहा कोटी किंवा अधिक आहे अशा कंपनीवर. एक कोटी किंवा त्याहून मोठे आणि पूर्ण होऊन किमान वर्ष झालेले प्रकल्पच त्यात येतात. १८ लाखांच्या अभ्यासिकेला ती लागू होत नाही. कंपनीला तरीही त्रयस्थ मूल्यमापन हवे असेल तर ते कंपनीचे धोरण, आणि त्याचा खर्च कोण करणार, तो दहा टक्क्यांच्या मर्यादेत मोजला जाणार का, हे संस्थेने अर्ज भरण्याआधीच विचारून घ्यावे.